नाव जेपीजी, आतला रंग छापखान्याचा

दिवाळी अंकांच्या हंगामात डीटीपीच्या टेबलावर हल्ली एक अडचण वारंवार येते. पान कोरलड्रॉमध्ये जुळवलेलं असतं आणि मजकूर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो तिथून उचलून दुसरीकडे चिकटवला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. मग कुणीतरी सुचवतं की पानाचं चित्र काढून एआयच्या चॅट साधनाला द्या, ते वाचून युनिकोडमध्ये लिहून देईल. चित्र काढलं जातं, नाव `.jpg` असतं, संगणकावर ते नीट उघडतंही. साधनात टाकल्यावर मात्र एका ओळीचं उत्तर येतं की या चित्रावर प्रक्रिया करता आली नाही. कारण दिलेलं नसतं. फाइल खराब असेल असं समजून माणूस पुन्हा काढतो, आकार कमी करतो, इंटरनेट तपासतो. उत्तर तेच येतं.

फाइल खराब नसते. तिच्यात प्रत्येक ठिपक्यासाठी तीनऐवजी चार आकडे असतात, एवढंच.

पडद्यावर रंग दिसतो तो लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून. म्हणून पडद्यासाठीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात, शून्य ते २५५ यांच्यामधले. याला आरजीबी म्हणतात. छापखान्यात प्रकाश नसतो, शाई असते. फोर कलर मशीनवर सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार प्लेटा लागतात आणि प्रत्येक जागी कोणती शाई किती टक्के द्यायची ते चार आकड्यांत सांगावं लागतं. हे सीएमवायके. कोरलड्रॉतून जेपीईजी काढताना रंगपद्धत निवडायची सोय असते आणि छपाईचं काम करणाऱ्याच्या संगणकावर ती बहुधा सीएमवायके ३२-बिटवर ठेवलेली असते. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण ती फाइल पुढे प्लेटांसाठीच जायची असते.

आता प्रश्न असा की जेपीईजीत चार रंग बसतात कसे? याचं उत्तर १९९२ सालात आहे. त्या वर्षी जेपीईजीचं मूळ प्रमाण टी.८१ या क्रमांकाने ठरलं. त्यात चित्र कसं दाबायचं याची पद्धत बारकाईने दिली आहे, पण आतले आकडे कोणत्या रंगांचे हे त्यात ठरवलेलंच नाही. चित्रात एक थर असेल, तीन असतील, चार असतील, प्रमाणाची हरकत नाही. ही मोकळीक जगभरच्या संगणकांना त्रासदायक ठरणार हे उघड होतं. म्हणून एरिक हॅमिल्टन यांनी जेएफआयएफ नावाचा एक छोटा करार मांडला, ज्यात थर एक असेल तर राखाडी आणि तीन असतील तर ठरलेल्या पद्धतीचे रंग, असं बांधून दिलं. आपण रोज ज्याला जेपीजी म्हणतो ते प्रत्यक्षात या करारातलं चित्र असतं. चार थरांबद्दल हा करार काहीच बोलत नाही.

ती जागा ॲडोबीने भरली. फाइलच्या सुरुवातीच्या भागात ॲडोबीच्या नावाची एक बारीक खूण ठेवायची आणि तिच्या शेवटच्या बाइटमध्ये रंगांची पद्धत सांगायची, अशी प्रथा पडली. तिथे १ असेल तर नेहमीचं तीन थरांचं चित्र. २ असेल तर चार थर आहेत आणि पहिले तीन दाबण्याच्या सोयीसाठी आणखी बदलून ठेवले आहेत. शून्य असेल आणि थर चार असतील, तर सरळ सीएमवायके. इथवर सगळं सुसूत्र वाटतं. पण फोटोशॉपने आणखी एक गोष्ट केली. त्याने शाईचे आकडे उलटे लिहिले. शंभर टक्के शाईसाठी शून्य आणि कोऱ्या कागदासाठी २५५. जेपीईजी वाचण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लिबजेपेग या मोफत संचाच्या कागदपत्रांतही याबद्दल सावधगिरीची सूचना लिहून ठेवलेली आहे. म्हणजे चार थरांची फाइल समोर आली की वाचणाऱ्या प्रोग्रामला आकडे सुलटे आहेत की उलटे हे पाहावं लागतं, आणि ज्या प्रोग्रामच्या लेखकाने याचा विचार केलेला नसतो तो एकतर नकार देतो किंवा चुकतो.

चुकतो म्हणजे काय होतं ते एका पानावर पाहू. ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआयचं पान धरा. ते २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं. कागद पांढरा आहे, म्हणजे चारही शाया शून्य. मजकूर फक्त काळ्या शाईतला आहे, म्हणजे पहिल्या तिन्ही शून्य आणि काळी १००. लेखाचं शीर्षक ठसठशीत दिसावं म्हणून काळ्या शाईखाली बाकीच्या शायांचा हात दिला आहे: सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, काळी १००. आता एखाद्या प्रोग्रामने हे आकडे उलटे वाचले असं समजा. पांढरा कागद चारही शाया शंभर असा वाचला जाईल आणि मिट्ट काळा होईल. काळी अक्षरं पांढरी होतील असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. त्यांची काळी शाई शून्यावर येते आणि बाकीच्या तिन्ही शंभरावर जातात. तिन्ही शाया शंभर म्हणजे पुन्हा काळाच रंग. म्हणजे काळ्यावर काळं, अख्खा मजकूर नाहीसा. शीर्षक तेवढं उरतं, कारण त्याचे आकडे ४०, ६०, ६० आणि शून्य असे होतात आणि ते मळकट तांबूस रंगात दिसतं.

असं पान साधनाकडे पोचलं, तर ते प्रामाणिकपणे एवढंच सांगेल की काळ्या पार्श्वभूमीवर एक शीर्षक आहे. त्यापुढे जाऊन ते मजकूर अंदाजाने रचून देण्याचाही धोका असतो. माझ्या मते सरळ नकार मिळाला तर ते नशीब समजावं. नकारामुळे वेळ जातो, पण चुकीच्या वाचनामुळे अंकात चुकीचा मजकूर जाऊ शकतो.

दुसरी चूक याहून सौम्य आहे, म्हणूनच ती लक्षात येत नाही. प्रोग्रामला आकडे सुलटे-उलटे कळतात, पण चार शायांवरून तीन प्रकाश काढताना तो शाळेतल्या गणितासारखं सूत्र लावतो:

```
R = 255 × (1 − C) × (1 − K)
G = 255 × (1 − M) × (1 − K)
B = 255 × (1 − Y) × (1 − K)
```

या सूत्राने शंभर टक्के सायनचं उत्तर येतं ०, २५५, २५५, म्हणजे डोळ्यांत खुपणारा चमकदार निळसर-हिरवा. कागदावर अशी शाई कधीच दिसत नाही. खरी शाई प्रकाश पूर्ण शुद्धपणे शोषत नाही आणि कागदही पूर्ण पांढरा नसतो. अमेरिकी छपाईसाठीचं, फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं मिळणारं जे स्वॉप नावाचं प्रोफाइल आहे, त्यातून हाच रंग काढला तर उत्तर येतं ०, १७४, २३९. हा आपल्याला ओळखीचा छापील आकाशी. शंभर टक्के काळी शाईही सूत्राने ०, ०, ० होते आणि प्रोफाइलने ३५, ३१, ३२, म्हणजे किंचित राखाडी, जशी ती कागदावर असते. मजकूर वाचण्यासाठी या फरकाने बिघडत नाही. पण कुणी मुखपृष्ठ दाखवून रंगसंगतीबद्दल मत विचारलं, तर ते मत भलत्याच रंगांवरचं असेल.

प्रोफाइल म्हणजे अमुक कागदावर अमुक शायांनी प्रत्यक्षात कोणता रंग दिसतो याचा तक्ता. तो फाइलच्या आतच ठेवता येतो, पण छपाईचे तक्ते बोजड असतात. वर सांगितलेला स्वॉपचा तक्ता साडेपाच लाख बाइटांहून मोठा आहे आणि जेपीईजीच्या एका कप्प्यात जेमतेम ६५ हजार बाइट मावतात, म्हणून त्याचे नऊ तुकडे करून ते ओळीने ठेवावे लागतात. गोपनीयतेसाठी फोटोतली जागा-वेळेची माहिती पुसणारी काही साधनं या तुकड्यांवरही हात फिरवतात. त्याहून वाईट म्हणजे काही साधनं ॲडोबीची ती खूणही काढून टाकतात. मग उरलेल्या चार थरांचा अर्थ लावायला काहीच शिल्लक राहत नाही. एक्झिफटूल या जुन्या, जाणत्या प्रोग्रामला सगळी माहिती पुसायला सांगितली तरी तो ही एक खूण हात न लावता ठेवतो, ते याच कारणासाठी.

आता चॅट साधनाच्या बाजूने पाहू. चित्र तिथे पोचल्यावर पहिल्या टप्प्यात प्रकार तपासला जातो. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या दोन्ही कंपन्यांच्या प्रोग्रामरांसाठीच्या कागदपत्रांत जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ आणि वेबपी हे चार प्रकार दिलेले आहेत. फाइलच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आतले पहिले काही बाइट पाहिले जातात. जेपीईजी नेहमी `FF D8 FF` ने सुरू होते. आपल्या पानाचे बाइटही तेच असतात, म्हणून ते इथून पुढे जातं. दुसऱ्या टप्प्यात दाबलेलं चित्र उलगडावं लागतं. तिथे चार थर निघतात. तिसऱ्या टप्प्यात ते चित्र मॉडेलला द्यायचं असतं. ही मॉडेलं चित्राचे चौकोनी तुकडे करतात आणि त्यांचा पहिला थर प्रत्येक ठिपक्याच्या तीनच आकड्यांसाठी बांधलेला असतो. चौथा आकडा तिथे घालायला जागाच नसते. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये कुणीतरी चारांचे तीन करून द्यावे लागतात. ते काम लिहिलेलं नसेल किंवा त्यात अडथळा आला, तर गाडी तिथेच थांबते आणि आपल्याला तो कारण नसलेला नकार मिळतो.

गंमत अशी की साधनं स्वीकारतात त्या चार प्रकारांपैकी पीएनजी, जीआयएफ आणि वेबपी यांत सीएमवायके ठेवताच येत नाही. ते फक्त जेपीईजीत मावतं. म्हणून हा घोटाळा नेहमी जेपीईजीच्याच नावाने येतो, आणि तो फक्त एआय साधनांपुरता नाही. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अशा चित्राच्या जागी लाल फुली दिसायची. जावा भाषेतला ठरलेला चित्रवाचक आजही `Unsupported Image Type` म्हणून हात वर करतो. गो भाषेच्या संचात हे वाचन २०१५ साली आलं.

आपल्या फाइलमध्ये नक्की काय आहे हे कळायला अवघड काही करावं लागत नाही. विंडोजमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं डीटेल्स पाहा. बिट डेप्थ २४ असेल तर तीन रंग, ३२ असेल तर चार, कारण प्रत्येक रंगाला आठ बिट लागतात. मॅकवर प्रिव्ह्यूच्या इन्स्पेक्टरमध्ये कलर मॉडेल या नावापुढे सीएमवायके असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कमांड लिहिण्याची सवय असेल तर लिनक्स आणि मॅकवर एवढं पुरतं:

```
file pan12.jpg
```

उत्तराच्या शेवटी `2480x3508, components 4` असं आलं की निदान झालं. ज्यांना फाइलच्या पोटात डोकावायला आवडतं त्यांच्यासाठी त्याच पानातले दोन तुकडे देतो:

```
FF EE 00 0E 41 64 6F 62 65 00 64 00 00 00 00 02
FF C0 00 14 08 0D B4 09 B0 04
```

पहिली ओळ म्हणजे ॲडोबीची खूण. `41 64 6F 62 65` ही त्या नावाची पाच अक्षरं आहेत आणि शेवटचा `02` सांगतो की पहिले तीन थर बदलून ठेवले आहेत. दुसऱ्या ओळीत `08` म्हणजे आठ बिट, `0D B4` म्हणजे ३५०८ ही उंची, `09 B0` म्हणजे २४८० ही रुंदी, आणि अगदी शेवटी `04`, म्हणजे चार थर. साध्या फोटोत इथे `03` असतं.

हे बाइट सहज वाचता येतात म्हणूनच मला त्या मोघम नकाराचा राग येतो. चित्र न उलगडताही हा एक बाइट कोणत्याही साधनाला दिसतो. ‘हे चित्र छपाईच्या चार रंगांत आहे, आरजीबीत काढून पुन्हा द्या’ असं वाक्य लिहायला काही ओळींचा प्रोग्राम पुरेल, आणि कितीतरी लोकांचा खोळंबा वाचेल. त्याहून बरं म्हणजे साधनाने स्वतःच रूपांतर करावं. पायथनमधला पिलो हा संच ॲडोबीची उलटी पद्धत गृहीत धरून असं चित्र वाचतो आणि एका ओळीत आरजीबी करून देतो. तो आतला प्रोफाइल आपोआप लावत नाही, त्यामुळे रंग भडक येतात, पण मजकूर वाचायला ते चालतं.

टिफ आणि कॅमेऱ्याच्या रॉ फाइली यांची गोष्ट वेगळी आहे. त्या पहिल्याच टप्प्यावर अडतात आणि त्या नकाराला मी दोष देणार नाही. टिफ १९८६ साली आल्डस या कंपनीने स्कॅनरसाठी आणलं, आणि १९९४ मध्ये आल्डस ॲडोबीत विलीन झाल्यावर ते ॲडोबीकडे आलं. ते चित्र नसून चित्रं ठेवायचं कपाट आहे. एका फाइलमध्ये अनेक पानं, एका रंगाला आठ, सोळा किंवा बत्तीस बिट, न दाबलेली किंवा निरनिराळ्या पद्धतींनी दाबलेली, पट्ट्यांत किंवा चौकोनांत तोडलेली, आरजीबी किंवा सीएमवायके, सगळं चालतं. टिफ वाचतो असं म्हणणारा प्रोग्राम यातलं नेमकं काय वाचतो, ते फाइल पुढ्यात आल्याशिवाय कळत नाही.

निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, ॲडोबीची डीएनजी अशा बऱ्याच रॉ फाइली आतून टिफच्याच कपाटावर बांधलेल्या आहेत. पण त्यांच्यात अजून चित्र तयारच झालेलं नसतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेल्या मांडणीची रंगीत जाळी असते. तिच्यामुळे प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग दिसतो. निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरायचे असतात, प्रकाशाचा रंग सुधारायचा असतो, बारा किंवा चौदा बिटांचे आकडे आठ बिटांत उतरवायचे असतात. हे सगळं प्रत्येक कॅमेऱ्यानुसार बदलतं. चॅट साधनाने ते करायचं तर बाजारात येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याची माहिती त्याला ठेवावी लागेल. शिवाय आयफोनची ४८ मेगापिक्सेलची प्रोरॉ फाइल ७५ मेगाबाइटच्या घरात जाते, आणि मॉडेलपुढे ठेवण्याआधी चित्र बहुधा लहान केलं जातंच.

आणि एक कारण सुरक्षिततेचं आहे. गुंतागुंतीच्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये चुका राहतात आणि त्या चुकांतून आत शिरणारे लोक असतात. २००७ मध्ये आयफोनचं कुलूप उघडण्यासाठी वापरलेली एक पळवाट टिफ वाचणाऱ्या संचातली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलला तातडीची दुरुस्ती सोडावी लागली, कारण चित्रं वाचणाऱ्या तिच्या भागात एक भगदाड सापडलं होतं. अभ्यासकांच्या तपासणीत ते डीएनजी फाइल उलगडण्याशी संबंधित असल्याचं दिसलं. निवडक व्यक्तींवरच्या हल्ल्यांत ते वापरलं गेलं असावं, असं ॲपलनेच जाहीर केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनेही स्वतःच्या ॲपमधली एक चूक दुरुस्त केली आणि ती ॲपलच्या या भगदाडाला जोडून वापरली गेली असावी, असं सांगितलं. कोट्यवधी अनोळखी माणसांकडून फाइली घेणाऱ्या साधनाने मोजकेच प्रकार स्वीकारण्यात शहाणपण आहे.

फोटोग्राफरांना यातून सुटायचा रस्ता सोपा आहे. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने पाहण्यासाठी म्हणून एक तयार जेपीईजी आधीच ठेवलेली असते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपण तीच पाहतो. निकॉनच्या फाइलमधून ती अशी निघते:

```
exiftool -b -JpgFromRaw DSC_0421.NEF > photo.jpg
```

नुसतं नाव बदलून `.jpg` केल्याने मात्र काही होत नाही, कारण पहिले बाइट टिफचेच राहतात.

छपाईच्या पानासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे मूळ कोरलड्रॉ फाइलमधूनच दुसरी प्रत आरजीबी २४-बिटमध्ये काढणं. मूळ फाइल हाताशी नसेल, फक्त सीएमवायके जेपीईजी असेल, तर फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल घेऊन एसआरजीबी निवडा. त्याच्या शेजारचं असाइन प्रोफाइल घेऊ नका, त्याने आकडे बदलत नाहीत, त्यांचा अर्थ फक्त बदलतो. फोटोशॉप नसेल तर मोफत गिंपमध्ये फाइल उघडून पीएनजी म्हणून बाहेर काढली तरी काम होतं. पानं खूप असतील तर इमेजमॅजिक वापरावं. फाइलमध्ये प्रोफाइल असेल तर ही ओळ पुरते:

```
magick pan12.jpg -profile sRGB.icc pan12.png
```

प्रोफाइल नसेल तर आधी छपाईचा तक्ता सांगावा लागतो, मग पडद्याचा:

```
magick pan12.jpg -profile USWebCoatedSWOP.icc -profile sRGB.icc pan12.png
```

दोन्ही वेळा बाहेर पीएनजी काढण्याचा फायदा असा की तिच्यात चौथा रंग राहूच शकत नाही. घाई असेल तर पानाचा स्क्रीनशॉटही चालतो, कारण तुमच्या संगणकाने रूपांतर करूनच ते पान पडद्यावर दाखवलेलं असतं. फक्त पान मोठं करून दोन-तीन तुकड्यांत घ्यावं, नाहीतर बारीक टाइपातले रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं धूसर होतात आणि वाचन तिथे चुकतं.

ही आरजीबी प्रत वाचून झाली की बाजूला ठेवावी, आणि तिच्या नावातच ती पडद्यासाठी आहे असं लिहावं. कारण तीच चुकून छापखान्यात गेली, तर उलटा घोटाळा होतो. मूळ पानात मजकूर फक्त काळ्या शाईत होता. आरजीबीत गेल्यावर ती माहिती पुसली जाते, उरतो तो केवळ काळा रंग. तो परत चार शायांत आणताना फोटोशॉप स्वॉप प्रोफाइलने शुद्ध काळ्याचे आकडे सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि काळी ९० असे करतं. म्हणजे जो अनुस्वार एका प्लेटेवर होता तो आता चार प्लेटांवर आला. मशीनवर प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी शिरोरेषेला एका अंगाने गुलाबी आणि दुसऱ्या अंगाने निळसर कड दिसते, बारीक टाइप जाड आणि पुसट होतो, आणि तीनशे टक्के शाई बसल्याने हलका कागद वाळायला वेळ घेतो.